मंगळवार कोणाचा?

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली की नोकरदार माणूस सणांची तिथी बघत नाही, वार बघतो. गणपती सोमवारी, नाताळ शुक्रवारी म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो आणि स्वातंत्र्यदिन शनिवारी आला की तो हळहळतो. २०२६ च्या दिनदर्शिकेत या तिन्ही गोष्टी आहेत. सोमवारची सुट्टी तर सगळ्यांनाच मिळणार, तिच्यावरून कुणी भांडत नाही. भांडण असतं ते तिच्या अलीकडच्या शुक्रवारी आणि पलीकडच्या मंगळवारी. हे जोडदिवस मोजके असतात आणि ते प्रत्येकालाच हवे असतात.

कायद्यानं कामगाराला काय दिलंय ते आधी थोडक्यात पाहू. महाराष्ट्रातल्या दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. शिवाय आठ किरकोळ रजा आणि कामाच्या दिवसांच्या हिशेबानं साठणारी वार्षिक रजा. म्हणजे रजा हक्काची आहेच. पण ती नेमकी कोणत्या तारखेला घ्यायची हे कामाकडे बघूनच ठरतं, आणि ‘कामाकडे बघून’ याचा व्यवहारातला अर्थ ‘आणखी कोण कोण गेलंय ते बघून’ असा होतो. तुमची रजा मंजूर करतात साहेब, पण तिचा भार उचलतो शेजारच्या टेबलावरचा माणूस. त्याची सही अर्जावर कुठंच नसते, हीच यातली मेख आहे.

दुसरी मेख हिशेबाची. अनेक खासगी कंपन्यांत ‘सँडविच’चा नियम असतो. सुट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन्हीकडे रजा घेतली, तर मधले सुट्टीचे दिवसही रजेत धरले जातात. शुक्रवारी एक आणि मंगळवारी एक अशा दोन रजा टाकल्या तरी खात्यातून पाच जातात. एकाच बाजूला रजा घेतली तर हा नियम सहसा लागत नाही. आपल्या कंपनीत काय चालतं हे मनुष्यबळ विभागाला आधीच विचारावं, कारण यात सरसकट एक नियम नाही. मात्र जोडदिवसाचा मोह एकाच टोकाला आवरला, तर आपली रजाही वाचते आणि दुसरं टोक सहकाऱ्यासाठी मोकळं राहतं.

आता एक उदाहरण तपशिलात घेऊ. ठाण्यातल्या एका मध्यम कंपनीचा हिशेब विभाग समजा. पाच दिवसांचा आठवडा, पाच माणसं. त्यांना गावांच्या नावांनीच ओळखू. कणकवलीकरांच्या घरी गौरीबरोबर जाणारा गणपती. चिपळूणकरांकडे दीड दिवसाचा. नागपूरकर बाईंच्या सासरी महालक्ष्म्या बसतात. कोकणातल्या गौरी त्याच विदर्भ-मराठवाड्यातल्या महालक्ष्म्या, पण मुंबई-ठाण्याच्या कचेऱ्यांत हे अनेकांच्या गावीही नसतं. ‘गणपतीला कोकणवाले जाणार’ असं गृहीत धरलं जातं आणि नागपूरच्या माणसानं त्याच आठवड्यात रजा मागितली की ‘तुम्हाला कशाला?’ असा प्रश्न येतो. चौथे वसईकर, त्यांचा मोठा सण नाताळ. पाचवा साताऱ्याचा मुलगा, नवा लागलेला, अविवाहित. ‘तुला काय, तू थांबशील ना?’ हे वाक्य त्यानं पहिल्याच वर्षात पुरेसं ऐकलेलं आहे.

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. गौरी त्याच आठवड्याच्या उत्तरार्धात. आणि हिशेब विभागाचं पंचांग वेगळंच असतं. ११ तारखेला, म्हणजे चतुर्थीआधीच्या शुक्रवारी, विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१ भरायचं. १५ तारखेला, म्हणजे त्याच मंगळवारी, आगाऊ आयकराचा दुसरा हप्ता. २० तारखेला करभरणीचं जीएसटीआर-३बी, आणि ती तारीख रविवारी येते म्हणजे काम शुक्रवारी १८ ला संपलेलं बरं.

अशा वेळी जाणारा माणूस हमखास म्हणतो, “मी सगळं उरकून जातो हो.” विक्रीच्या विवरणपत्राबाबत हे खरं आहे, आगाऊ कराबाबतही खरं आहे. आकडा आठवडाभर आधी काढून पैसे भरता येतात, १५ तारखेची वाट पाहायची काहीच गरज नसते. पण ३बी चं तसं नाही. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घ्यायची तर ती पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या तक्त्याशी ताडून पाहावी लागते, आणि तो तक्ता दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. इथं तर तो ऐन चतुर्थीला येतोय. पुरवठादारानं दाखवलेलं बिल आपल्या वहीत आहे का, आपल्या वहीतलं बिल त्यानं दाखवलंय का, नसेल तर त्याला फोन करा, हे सगळं १५ ते १८ याच चार दिवसांत करायचं. म्हणजे नेमक्या जोडदिवसांत. ते आधी उरकता येत नाही, नंतरही ढकलता येत नाही. रजा मागण्याआधी प्रत्येकानं आपल्या कामाचे असे दोन ढीग करावेत: पुढं-मागं सरकणारं काम आणि त्याच दिवशी करावं लागणारं काम. सहकाऱ्यावर बोजा पडतो तो दुसऱ्या ढिगाचा. ‘उरकून जातो’ या आश्वासनात तो ढीग नसतोच.

या विभागात असं ठरलंय की १५ ते १८ या काळात पाचांपैकी तिघं हजर हवेत. रूढ पद्धत काय होते? कणकवलीकर सगळ्यांत जुने. ते साहेबांना जिन्यात गाठून ‘११ ते १८ गावी’ असं सांगून मोकळे होतात. चिपळूणकर पाठोपाठ ‘११ ते १६’ चा अर्ज टाकतात. नागपूरकर बाई ऑगस्टमध्ये विचारतात तेव्हा ‘आधीच दोघं गेलेत’ असं उत्तर मिळतं. उरलेल्या दोघांना कुणी विचारत नाही, त्यांना फक्त कळवलं जातं. ‘आधी मागेल त्याला’ हा नियम वरवर निःपक्षपाती दिसतो. खरं तर तो ज्याला साहेबांशी सहज बोलता येतं आणि ज्याच्या सणाची तारीख वर्षभर आधी छापलेली असते त्याच्या फायद्याचा असतो. ईदची तारीख चंद्रावर, लग्नाची तारीख मुलीकडच्यांवर, आणि नव्या मुलाची तारीख त्याला धीर कधी येतो त्यावर.

आता हीच मागणी दुसऱ्या रीतीनं करून बघू. पाचही जणांनी एकत्र बसून कुणाला किती दिवस हवेत हे न विचारता नेमकं काय चुकवायचं नाहीये हे विचारलं. कणकवलीकरांना चतुर्थीची सकाळ आणि गौरी-विसर्जन ही दोन टोकं हवी आहेत. त्यांनी शुक्रवारी ११ ला विवरणपत्र भरून त्याच रात्री गाडी पकडली तर शनिवारी सकाळी ते घरी पोचतात. शुक्रवारची रजा लागतच नाही. पुढं मंगळवार ते शुक्रवार अशा चार रजा, आणि एकाच बाजूला असल्यामुळे सँडविचही नाही. चिपळूणकरांचा गणपती मंगळवारी संध्याकाळी पाण्यात जातो. रात्री निघून ते बुधवारी कामावर येऊ शकतात, त्यांना एकच मंगळवार पुरतो. नागपूरकर बाईंना गुरुवार-शुक्रवार. बुधवारी संध्याकाळी काम संपवून रात्रीच्या गाडीनं निघायचं. मंगळवारी बाई, वसईकर आणि साताऱ्याचा मुलगा हजर. बुधवारी चौघं. गुरुवारी-शुक्रवारी चिपळूणकर, वसईकर आणि साताऱ्याचा मुलगा. तिघांची अट रोज पाळली गेली आणि एकाचाही सण बुडाला नाही. ‘आठवडाभर’ असं मागितलं असतं तर हे गणित सुटलंच नसतं. मागणी जितकी नेमकी, तितकी दुसऱ्याला जागा.

अशा बैठकीत बोलण्याचा क्रम फार महत्त्वाचा असतो, असं माझं मत आहे. सर्वांत नव्यानं आधी सांगावं, सर्वांत जुन्यानं शेवटी. कणकवलीकरांनी सुरुवात केली की साताऱ्याचा मुलगा ‘माझं काही नाही, चालेल’ एवढंच म्हणणार. त्या ‘चालेल’वर कुणी विसंबू नये. आणि कारणांची स्पर्धा तर मुळीच लावू नये. कुणाची आई आजारी, कुणाची मुलं लहान, कुणाचा नवस, असं एकदा तोलायला बसलं की एकट्या राहणाऱ्या माणसाचं पारडं कायम वर राहतं. त्याला नुसतं घरी पडून राहायचं असेल, तर तेही रजेचं पुरेसं कारण आहे. दिवस मागावा, कारण सांगायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं.

हे सगळं कधी करायचं, याचं उत्तर कोकणात जाणाऱ्यांसाठी रेल्वेनं ठरवून टाकलंय. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, प्रवासाचा दिवस सोडून. ११ सप्टेंबरच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण त्यामुळे १३ जुलैला सकाळी आठला उघडणार. गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत प्रतीक्षा यादीत जातात हे कोकणवाल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे बैठक जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवी. ती झाली नाही, तर माणूस आधी तिकीट काढतो आणि मग रजा मागतो. ‘साहेब, तिकीट काढलंय’ या वाक्यात विनंती उरत नाही, समोरच्याच्या गळ्यात पडलेली गोष्ट उरते. नकार द्यावा तर आपण दुष्ट ठरतो, म्हणून साहेब हो म्हणतात, आणि तो होकार तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून वजा होतो. आधी तिकीट काढावंच लागलं, तर ‘काढून ठेवलंय, नाही जमलं तर रद्द करीन’ असं सहकाऱ्यांना सांगावं आणि तशी खरोखर तयारी ठेवावी.

सहकाऱ्यांशी बोलून झालं की मग साहेबांना लेखी कळवायचं. त्या पत्रात लांबण नको. कणकवलीकरांचं पत्र असं असू शकेल:

“सर, गणपतीसाठी १५ ते १८ सप्टेंबर अशी चार दिवसांची रजा हवी आहे. शुक्रवारी ११ ला मी हजर आहे, जीएसटीआर-१ भरूनच निघेन. आगाऊ कराचा आकडा ७ तारखेपर्यंत तुमच्याकडे देतो, म्हणजे पैसे १० तारखेला जातील. २बी ताडण्याचं काम वसईकर बघतील, त्यांच्याशी बोललो आहे. ऑगस्टचं काम आम्ही दोघं मिळून करू, म्हणजे त्यांचा हात बसेल. दसऱ्याआधीचा सोमवार, १९ ऑक्टोबर, मी थांबतो. नागपूरकर मॅडम आणि चिपळूणकर यांच्या तारखा सोबत जोडल्या आहेत, रोज तिघं हजर आहेत.”

यात शेवटून दुसरं वाक्य सगळ्यांत मोलाचं आहे. दसरा २० ऑक्टोबरला, मंगळवारी येतो. त्याच दिवशी ३बी ची शेवटची तारीख. म्हणजे १९ चा सोमवार हा गणपतीच्या मंगळवारइतकाच हवाहवासा आणि तितक्याच कामाचा. जोडदिवसाची परतफेड जोडदिवसानंच होते. ‘एखाद्या बुधवारी मी तुझं बघेन’ ही परतफेड नव्हे. आणि ती रजा मागतानाच, तारखेसकट, सांगायची असते. ‘पुढं कधीतरी ॲडजस्ट करू’ असं म्हटलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. राहतं फक्त थांबलेल्याच्या.

म्हणून विभागानं एक साधी वही किंवा तक्ता ठेवावा, फक्त जोडदिवसांचा. एरवीच्या रजा त्यात नकोत. कोणत्या जोडदिवशी कोण गेलं आणि कोण थांबलं, एवढंच. आपल्या उदाहरणात गणपतीनंतर वसईकर आणि साताऱ्याचा मुलगा यांच्या नावापुढं फक्त थांबणं लिहिलेलं असेल. पुढचा पेच दिवाळीत आहे. लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला, पाडवा मंगळवारी १०, भाऊबीज बुधवारी ११. मधला सोमवार ९ तारखेचा उघडा पडलाय आणि ११ ला पुन्हा जीएसटीआर-१. वही बघितली की वाद उरत नाही: सोमवारवर पहिला हक्क साताऱ्याच्या मुलाचा, दुसरा नागपूरकर बाईंचा, थांबायचं कोकणकरांनी आणि वसईकरांनी. वसईकरांना दिवाळीचा सोमवार नकोच आहे. त्यांना हवेत ते २४ आणि २८ डिसेंबर, कारण नाताळ शुक्रवारी येतोय. ते दिवस त्यांच्या नावावर जुलैच्याच बैठकीत लिहून टाकावेत. डिसेंबर येईपर्यंत गोव्याच्या सहलींची हवा सुटलेली असते, आणि वर्षभर थांबलेला माणूस नेमका स्वतःच्या सणाला रांगेत शेवटचा ठरतो.

वही असली तरी काही ठिकाणी गाडी अडतेच. हिशेब विभागात ती बहुतेक वेळा सहीशी अडते. बँकेत पैसे पाठवायला एक जण नोंद करतो, दुसरा मंजूर करतो. मंजूर करणारा गावी गेला की मंगळवारी दुपारी फोनाफोनी सुरू होते. ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि मोबाइल डोंगराच्या कुशीत रेंज शोधत फिरतोय. डिजिटल सहीचं टोकन कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे यावरूनही असाच घोळ होतो, आणि दुसऱ्याचं टोकन पासवर्डसकट वापरणं हा त्यावरचा उपाय नाही. ज्याची सही लागते त्यानं निघायच्या आधी सही करून जावं किंवा दुसऱ्या अधिकृत माणसाची नोंद बँकेत करून घ्यावी. तिला दिवस लागतात, म्हणून तीही जुलै-ऑगस्टमध्येच. तयारी झाली की नाही हे ओळखायची एक युक्ती आहे: रजेच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस कचेरीत बसूनच त्या कामाला हात लावायचा नाही आणि बदली माणसाला करू द्यायचं. तो किती वेळा उठून विचारायला येतो, त्यावरून काय सांगायचं राहिलंय ते कळतं.

सुट्टीच सरकली तर? तेही घडतं. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी ५ सप्टेंबरला होती आणि लगेच शनिवारी अनंत चतुर्दशी. राज्य सरकारनं मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरती ती सुट्टी सोमवारी ८ तारखेला नेली, बाकी राज्यात शुक्रवारच राहिला. ज्या कंपन्या सरकारी सुट्ट्यांप्रमाणे चालतात आणि ज्यांची एक कचेरी अंधेरीत, दुसरी ठाण्यात आहे, तिथं एकाच गटातल्या निम्म्यांची सुट्टी इकडे आणि निम्म्यांची तिकडे झाली. अशा वेळी जुनी वाटणी तशीच रेटू नये. सुट्टी सरकली की जोडदिवसही सरकतात, म्हणून त्या आठवड्यापुरती वाटणी नव्यानं करावी आणि ज्याचं तिकीट परत होत नाही त्याला आधी विचारावं.

राहिली दांडी. रजा नाकारली म्हणून मंगळवारी सकाळी ‘ताप आहे’ असा निरोप पाठवणारे प्रत्येक कचेरीत असतात. साहेबांना कदाचित पटतं, सहकाऱ्यांना पटत नाही. बहुतेकांना आदल्या रात्री कुणीतरी टाकलेला आरतीचा फोटो दिसलेला असतो. पण यातला खरा तोटा त्या माणसाच्या अब्रूचा नसतो. आयत्या वेळच्या गैरहजेरीत हँडओव्हर नसतो, त्यामुळे ठरवून घेतलेल्या रजेपेक्षा थांबलेल्यांना दुप्पट जड जातं, आणि पुढच्या खेपेला खरोखरच ताप आलेल्या माणसाकडेही सगळे संशयानं बघतात. नकार आलाच, तर त्याच दिवशी दुसरा पर्याय मागावा: अर्धा दिवस, किंवा मंगळवारऐवजी बुधवार, किंवा जिथं परवानगी असेल तिथं गावाहून दोन तास काम. गावाहून काम कबूल करताना मात्र जरा जपून. गणपतीच्या घरात पंचवीस माणसं, वीज येऊन-जाऊन, आणि लॅपटॉप देव्हाऱ्याच्या खोलीत. न झेपणारा शब्द देण्यापेक्षा सरळ एक रजा जास्त टाकलेली परवडते.

एवढं सगळं जमून आलं आणि तिकीटच प्रतीक्षा यादीत अडकलं, किंवा घरच्यांचा बेत बदलला, तर मिळालेला जोडदिवस धरून बसू नये. तो त्याच दिवशी गटाला परत करावा, ‘माझा मंगळवार मोकळा झालाय’ असं सगळ्यांना कळवून. तीन आठवडे आधी मोकळा झालेला मंगळवार साताऱ्याच्या मुलाला एसटीचं तिकीट काढायला पुरतो. आदल्या संध्याकाळी मोकळा झालेला कुणाच्याच कामाचा नसतो.